पीकवरून डॅम्पिंग काढताना दर वेळी वेगळा आकडा येतोय, खरा कुठला?

प्रश्न: सर, स्टीलची पट्टी (600 मिमी मोकळी लांबी, 5 मिमी जाड) वाईसमध्ये एका बाजूने आवळली, टोकाला छोटा अॅक्सिलरोमीटर चिकटवला, रबरी हातोडीने टकटक करून 500 हर्ट्झने रीडिंग घेतलं. 9.81 वजा करून ग्राफ काढला. लागोपाठचे दोन पीक घेऊन डॅम्पिंग रेशो ζ काढला तर 0.3 टक्क्यापासून 1.3 टक्क्यापर्यंत काहीही येतं, सुरुवातीला तर एकदोनदा मायनस आलं. दहा-दहा सायकलच्या अंतराने काढलं तर शांत आकडे येतात पण ते हळूहळू कमी होत जातात, 0.76, 0.74, 0.70, 0.65, 0.58. म्हणजे डॅम्पिंग अॅम्प्लिट्यूडवर अवलंबून आहे असं लिहू का? की सरासरी काढू?

उत्तर:

दोन्ही नको. तू दिलेल्या पाच आकड्यांवरून मला वाटतंय की तुझी पट्टी एकदम सरळ वागतेय आणि गडबड त्या 9.81 मध्ये आहे. तू फाइल जोडलीस म्हणून बरं झालं, त्यातूनच आकडे काढून दाखवतो. पण आधी त्या उड्या मारणाऱ्या आकड्यांचं बघू, कारण त्याचं कारण वेगळं आहे आणि लोक नेहमी दोन्ही कारणांची खिचडी करतात.

लागोपाठचे दोन पीक घेतले तर त्यांच्यात फरक असतो किती ते बघ. ζ जर 0.8 टक्के असेल तर δ, म्हणजे लागोपाठच्या दोन पीकच्या भागाकाराचा नॅचरल लॉग, येतो साधारण 2π गुणिले 0.008, म्हणजे 0.05. म्हणजे प्रत्येक सायकलला पीक जेमतेम 5 टक्के खाली येतो. आता तुझ्या रीडिंगमध्ये पट्टी थांबलेली असतानाही आकडा साधारण ±0.02 मी/से² हलतोय, शेवटच्या दोन सेकंदांचा भाग झूम करून बघ, दिसेल. तिसाव्या पीकपाशी उंची आहे 2.2 च्या आसपास, तिथे 0.02 म्हणजे जवळजवळ 1 टक्का. एक पीक 1 टक्का वर वाचला गेला आणि पुढचा 1 टक्का खाली, की 5 टक्क्यांची घट तुला 7 टक्के दिसणार, उलट झालं तर 3 टक्के. म्हणजे खरं उत्तर 0.8 असताना तुला 0.5 पण दिसेल आणि 1.1 पण. अजून पुढे पीक 1 च्या आसपास आला की हाच खेळ 0.2 ते 1.4 पर्यंत जातो. यात पट्टीचा काही दोष नाही, तू दोन जवळजवळ सारख्या आकड्यांचा भागाकार करतोयस आणि त्यातला बारीक फरक शोधतोयस, एवढंच.

N सायकल सोडून पीक घेतला की वाचनातली तीच चूक N ने भागली जाते, म्हणून दहाच्या अंतराने आकडे शांत झाले. मग शंभर सायकल सोडून का घ्यायचं नाही? कारण तोपर्यंत पीक इतका लहान होतो की तो नॉइजमध्येच बुडतो. नॉइज सगळीकडे सारखा आहे असं धरून गणित केलं तर दोनच पीक वापरायचे असतील तेव्हा सगळ्यात चांगलं अंतर तिथे येतं जिथे दुसरा पीक पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश झालेला असतो. तुझ्या पट्टीला त्यासाठी 22 सायकल लागतात, म्हणजे दोनच सेकंद. रबराच्या तुकड्यासारखं जास्त डॅम्पिंगचं काही असेल तर तीनचार सायकलमध्येच एक तृतीयांश होईल. त्यामुळे "नेहमी दहा सायकल घ्या" वगैरे नियम कोणी सांगितला तर कान देऊ नको, पीक किती उतरला ते बघ.

आणि N मोजताना पीक मोजू नको, मधल्या सायकल मोज. पहिला पीक आणि अकरावा पीक यांच्यात दहा सायकल. कुंपणाचे खांब आणि मधली अंतरं यातला जुनाच घोळ आहे, तरी व्हायवाला दरवर्षी निम्मा वर्ग यात पडतो. दुसरा तसाच किरकोळ पण महाग घोळ म्हणजे लॉग. एक्सेलमध्ये `LOG` लिहिलं की बेस 10 चा येतो, तुला `LN` पाहिजे. पायथनमध्ये `np.log` हा नॅचरलच असतो. उत्तर बरोबर 2.3 पट कमी येत असेल तर आणखी काही शोधू नको, हेच झालंय.

मायनस का आलं? ते सुरुवातीलाच आलं ना, मग तो दुसरा मोड आहे. एका बाजूने आवळलेल्या पट्टीचा दुसरा मोड पहिल्याच्या 6.27 पट फ्रिक्वेन्सीला असतो. तुझा पहिला 10.9 हर्ट्झ दिसतोय (हिशोबाने नुसत्या पट्टीचा 11.3 येतो, सेन्सरचं वजन आणि वाईसची थोडी ढिलाई धरली तर ठीकच आहे), म्हणजे दुसरा 68 च्या आसपास. आता गंमत अशी की तू हलणं मोजत नाहीयेस, अॅक्सिलरेशन मोजतोयस, आणि अॅक्सिलरेशनमध्ये फ्रिक्वेन्सीचा वर्ग येतो. म्हणजे दुसऱ्या मोडचं हलणं पहिल्याच्या चाळीसाव्या भागाएवढं जरी असलं, डोळ्याला दिसणारही नाही, तरी तुझ्या ग्राफवर ते पहिल्याच्या बरोबरीने उभं राहतं. त्याचा एक कंगोरा पीकच्या डोक्यावर बसला की पुढचा पीक आधीच्यापेक्षा उंच दिसतो आणि लॉग मायनस. दोन्ही मोडचा ζ साधारण सारखा धरला तर दुसरा मोड एका सेकंदात तिसाव्या भागावर येतो आणि पहिला मात्र अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असतो. म्हणून पहिला एक सेकंद, म्हणजे साधारण अकरा पीक, सरळ सोडून दे. पुढच्या वेळी हातोडी नकोच, टोकाला शिवणाचा दोरा बांध, दोनतीन मिमी खाली ओढून धर आणि कात्रीने दोरा काप. तसं सोडलं की पट्टी जवळजवळ पहिल्या मोडच्याच आकारात सुटते, दुसऱ्याला हातोडीपेक्षा कमी वाट्याला येतं, पण अॅक्सिलरेशनमध्ये तो तरीही दिसतो, म्हणून पहिला सेकंद तेव्हाही सोड. हातोडीची टकटक मात्र सगळ्यांनाच जागं करते.

लोक इथे फिल्टर मारतात, मारायला हरकत नाही, पण 10.9 च्या भोवती अगदी अरुंद बँडपास लावलास तर तो फिल्टर स्वतःच घंटेसारखा वाजत राहतो आणि तुला पट्टीऐवजी फिल्टरचं डॅम्पिंग मोजून मिळेल. साधा लोपास, 30-35 हर्ट्झचा, पुरे.

आता मुख्य गोष्ट. ते हळूहळू कमी होणारे आकडे.

पहिला सेकंद सोडून जो पीक आला त्याला मी शून्य म्हटलं आणि तिथून दर दहाव्या सायकलचा वरचा पीक घेतला. तुझ्याच फाइलमधून (मी/से² मध्ये):

10.40, 6.45, 4.06, 2.61, 1.74, 1.21

यावरून तुझेच आकडे येतात, 0.76, 0.74, 0.70, 0.65, 0.58. बरोबर. आता तू जे केलं नाहीस ते कर, प्रत्येक वरच्या पीकच्या लगेच नंतरचा खालचा पीक घे:

-9.35, -5.50, -3.17, -1.76, -0.91, -0.39

याच पद्धतीने यांचं डॅम्पिंग काढ. ln(9.35/5.50) भागिले 10 भागिले 2π. येतं 0.84 टक्के. पुढचे 0.88, 0.94, 1.05, 1.35. वरून बघितलं तर डॅम्पिंग कमी होतंय, खालून बघितलं तर वाढतंय! एकच पट्टी, तेच पाच सेकंद. पट्टीला वर जाताना एक डॅम्पिंग आणि खाली जाताना दुसरं असं काही नसतं. याचा एकच अर्थ, तुझी शून्याची रेघ चुकलीय, वरचे सगळे पीक ठरावीक आकड्याने फुगलेत आणि खालचे तेवढ्यानेच आक्रसलेत.

किती चुकलीय ते तुझ्याच फाइलच्या शेपटीत आहे. पट्टी पूर्ण थांबल्यावरची सरासरी काढली तर 9.81 वजा करूनही 0.40 उरते. म्हणजे तुझा सेन्सर नुसता पडून असताना 10.21 दाखवतोय. स्वस्तातल्या चिपवाल्या सेन्सरला असा शून्याचा फरक असतोच, 0.04 जी म्हणजे त्यांच्या मानाने काही विशेष नाही, थोडा तिरका चिकटला तरी आकडा सरकतो. तू पुस्तकातलं 9.81 वजा केलंस, सेन्सरचं स्वतःचं वजा करायला पाहिजे होतं.

0.40 ने एवढा फरक का पडतो ते बघ. सुरुवातीला खरा पीक 10.00 आहे, त्यात 0.40 म्हणजे 4 टक्के, कोणाच्या डोळ्यात येत नाही. पन्नासाव्या सायकलला खरा पीक 0.81 आहे आणि तू 1.21 वाचतोयस, म्हणजे निम्म्याने जास्त. पीक शून्याकडे जायच्या ऐवजी 0.40 कडे जातोय, म्हणून शेवटी शेवटी तो उतरायला तयारच नाही असं वाटतं आणि डॅम्पिंग घटल्यासारखं दिसतं. साध्या पीकवर असा फरक असता तर सांभाळून घेतलं असतं, पण लॉगला ठरावीक आकड्याची बेरीज अजिबात चालत नाही, त्याला फक्त गुणाकार पचतो.

यावर उपाय फार सोपा आहे आणि शून्याची रेघ माहीत नसली तरी चालतो. वरच्या पीकमधून खालचा पीक वजा कर, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची उंची घे. दोन्हीत तोच 0.40 आहे, वजाबाकीत उडून जातो:

19.75, 11.95, 7.23, 4.37, 2.65, 1.60

आणि आता दर दहा सायकलचं ζ: 0.80, 0.80, 0.80, 0.80, 0.80. तिसऱ्या दशांशात थोडं इकडेतिकडे (0.796 ते 0.803), पण उतार नाही. पहिल्या आणि शेवटच्यावरून थेट काढलं तरी ln(19.75/1.60) म्हणजे 2.513, भागिले 50 म्हणजे 0.0503, ζ 0.80 टक्के. तुझी पट्टी 2 मिमी हलण्यापासून 0.17 मिमी पर्यंत एकाच डॅम्पिंगने उतरतेय (10 मी/से² ला ω² ने भागलं की 2.1 मिमी येतात, म्हणून म्हणतोय). अॅम्प्लिट्यूडवर अवलंबून वगैरे काही नाही.

इथे एक बारकावा सांगतो, नाहीतर तू पुढे अडशील. वरचा आणि खालचा पीक यांची मधली जागा काढून तिलाच शून्य धरायचा मोह होतो. पहिल्या जोडीची मध्यरेघ येते 0.525, 0.40 नाही. शेवटच्या जोडीची 0.41. म्हणजे मध्यरेघही सरकतेय! घाबरू नको, सेन्सर सरकत नाहीये. खालचा पीक अर्धी सायकल उशिरा येतो आणि तेवढ्या वेळात तोही अडीच टक्के लहान झालेला असतो, म्हणून मध्यरेघ मोठ्या अॅम्प्लिट्यूडला थोडी वर दिसते. उंची घेतल्यावर हाच अडीच टक्क्यांचा भाग सगळ्या जोड्यांत सारख्याच गुणोत्तराने येतो म्हणून भागाकारात कटतो. तेव्हा जोडी घेताना शिस्त एकच पाळ, नेहमी वरचा आणि त्याच्या *नंतरचा* खालचा. कधी आधीचा कधी नंतरचा असं केलंस की घोळ.

आता दोन टोकांचे आकडे घेण्याऐवजी सगळे घेऊन सरळ रेघ बसव, ती पद्धत मला जास्त आवडते कारण त्यात रेघ वाकलीय का तेही दिसतं. इथे सहाच जोड्या टाकल्यात, तू सगळ्याच्या सगळ्या 51 टाक आणि `n` च्या जागी `np.arange(51)` लिही:

```python
import numpy as np
n = np.arange(0, 60, 10)
p = np.array([10.40, 6.45, 4.06, 2.61, 1.74, 1.21])
v = np.array([-9.35, -5.50, -3.17, -1.76, -0.91, -0.39])
a = (p - v) / 2
m, c = np.polyfit(n, np.log(a), 1, w=a)
d = -m
print(d / np.sqrt(4*np.pi**2 + d**2))
```

`w=a` विसरू नको. लॉग घेतला की लहान पीकवरचा नॉइज मोठा होतो, आणि वजन न देता रेघ बसवली तर शेवटचे चारपाच थरथरणारे बिंदू सगळी रेघ आपल्याकडे ओढून नेतात. शेवटच्या ओळीत जो वर्गमुळाचा फॉर्म्युला आहे तो नेहमीचाच, ζ = δ/√(4π² + δ²). तुझ्या केसमध्ये नुसतं δ/2π केलं तरी फरक दिसणार नाही. ζ 10 टक्के असेल तेव्हाही चूक अर्ध्या टक्क्याचीच असते, 30 टक्क्यांपाशी मात्र 5 टक्के होते. कॉम्प्युटरला काही श्रम पडत नाहीत, पूर्णच लिही.

मग अॅम्प्लिट्यूडवर खरंच अवलंबून असलेलं डॅम्पिंग नसतंच का? असतं, खूप असतं. बोल्ट लावलेले जॉइंट, रिव्हेट, ढिला वाईस, यात मोठ्या हलण्याला जॉइंट थोडा घसरतो आणि डॅम्पिंग जास्त मिळतं, हलणं कमी झालं की जॉइंट चिकटून बसतो आणि डॅम्पिंग पडतं. म्हणजे लॉगचा ग्राफ आधी उभा आणि मग आडवा होत जातो, थेट तुझ्या चुकलेल्या ग्राफसारखा. म्हणूनच हा प्रकार धोक्याचा, कारण चूक अशा रूपात येते की तिचं समजण्यासारखं कारण आपल्या खिशात तयार असतं. कोरडं घर्षण असेल, समजा पट्टी कुठेतरी घासतेय, तर बरोबर उलटं होतं, प्रत्येक सायकलला पीक ठरावीक *आकड्याने* कमी होतो, टक्क्याने नाही. साध्या ग्राफवर पीकची टोकं सरळ रेघेत उतरतात, लॉग घेतला की रेघ शेवटाकडे खाली कोसळते, आणि पट्टी हळूहळू विझण्याऐवजी एकदम गप्प होते. टोकापासून टोकापर्यंतची उंची घेऊनसुद्धा रेघ वाकडी राहिली, आणि वेगवेगळ्या जोराने सुरू केलेल्या दोनतीन टेस्टमध्ये त्याच अॅम्प्लिट्यूडला तोच उतार आला, तरच म्हणायचं की हा गुण पट्टीचा आहे. तसं असेल तेव्हा एक ζ देऊ नये, कुठल्या अॅम्प्लिट्यूडला किती ते द्यावं.

हे मी एवढं रंगवून सांगतोय कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः हे केलंय. एका ब्रॅकेटचं डॅम्पिंग काढायचं होतं, आकडे तुझ्यासारखेच उतरत गेले, मी खूश, रिपोर्टमध्ये जॉइंटच्या घसरण्यावर पाऊण पान लिहिलं, बोल्टचा टॉर्क वगैरे सगळं. आमचे साहेब रिपोर्ट चाळत होते, त्या पानावर थांबले आणि एवढंच विचारलं, "खालची बाजू कुठाय?" मी म्हटलं सर वरचीच घेतली, सिमेट्रिकच असते ना. ते काही बोलले नाहीत, पेन्सिलने प्रिंटवर तीन खालचे पीक मोजले, बाजूला भागाकार केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ब्रॅकेट ज्या बोल्टवर होतं तो बोल्ट काही घसरत नव्हता, अॅम्प्लिफायर गरम व्हायच्या आधीच मी शून्य सेट केलं होतं. पाऊण पान गेलं.

रिपोर्ट लिहिताना आणखी एका गोष्टीवर थांब. तू हे "स्टीलचं डॅम्पिंग" म्हणून लिहिणार असशील तर लिहू नको. नुसत्या स्टीलचं अंतर्गत डॅम्पिंग याच्यापेक्षा खूप कमी असतं, तुझे 0.8 टक्के हे वाईसचा जबडा, सेन्सरची केबल आणि थोडी हवा या सगळ्यांचं मिळून आहे. यातली केबल सगळ्यात लबाड. टोकाशी सैल लोंबत असेल तर ती प्रत्येक सायकलला हलते, घासते आणि ऊर्जा खाते. फाइलसोबतच्या फोटोत ती टोकावरून सरळ टेबलावर पडलेली दिसतेय. ती पट्टीला चिकटवत चिकटवत वाईसपर्यंत आण, तिथून खाली सोड, वाईस आणखी एकदा आवळ, आणि दोरा कापून तीन वेळा टेस्ट घे. दर वेळी पट्टी थांबल्यानंतरही दोन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेव, सेन्सरचं शून्य त्यातूनच मिळतं. आकडा 0.8 वरून खाली आला तर जेवढा आला तेवढं केबल आणि वाईस खात होते. नाही आला तर वाईसच्या जबड्यात पट्टीच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघ, आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जबड्याला ओरखडे पडू नयेत म्हणून कोणीतरी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून ठेवले होते.